रजेचा अर्ज लिहायच्या आधी रजेचा हिशोब बघा (राज्य सरकारी नोकरीत नवीन लागलेल्यांसाठी)

मी तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात आस्थापना टेबल बघते, म्हणजे पगार, सेवापुस्तक, वेतनवाढ, आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे रजा. नवीन भरती झाली की सहा महिन्यांत रजेचे अर्ज सुरू होतात आणि त्यातले बरेचसे परत पाठवावे लागतात. कारण खोटं असतं म्हणून नाही, साहेब खडूस आहेत म्हणूनही नाही, तर अर्जात रजेचा प्रकारच लिहिलेला नसतो किंवा दिवस चुकीचे मोजलेले असतात किंवा खात्यावर शिल्लक किती आहे ते न बघताच आकडा टाकलेला असतो. मग अर्जावर शेरा पडतो, अर्ज खाली येतो, तोपर्यंत लग्नाची तारीख डोक्यावर आलेली असते आणि पोरगं बिचारं टेबलासमोर उभं, "ताई काहीतरी करा ना".

आधीच सांगते, हे सगळं महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ ज्यांना लागू आहेत त्यांच्यासाठी आहे. कंत्राटी असाल तर तुमच्या करारनाम्यात जेवढी रजा लिहिलीय तेवढीच, हे नियम तुम्हाला नाहीत. शाळाकॉलेजवाल्यांना उन्हाळी सुट्टी मिळते त्यामुळे त्यांच्या अर्जित रजेचं गणित वेगळं असतं. आणि केंद्र सरकारात असाल तर तुमचं पुस्तक वेगळं, बऱ्याच गोष्टी सारख्या असल्या तरी इथले आकडे तिकडे चिकटवू नका.

नेहमी लागणाऱ्या रजा तशा थोड्याच आहेत. पहिली किरकोळ रजा, जिला सगळे सीएल म्हणतात, कागदावर कधी नैमित्तिक रजा असंही दिसेल, एकच आहे ते. वर्षाला ८ दिवस, जानेवारी ते डिसेंबर, ३१ डिसेंबरला उरली तर गेली, पुढच्या वर्षात येत नाही. हिची नोंद सेवापुस्तकात नसते, ऑफिसात किरकोळ रजेची वेगळी नोंदवही असते त्यात असते. दुसरी अर्जित रजा, ईएल. ही १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी आगाऊ जमा होते आणि साठत जाते, ३०० दिवसांपर्यंत. तिसरी अर्धवेतनी रजा, ती पण त्याच दोन तारखांना, पण १०-१० दिवस. या दोघींचा हिशोब सेवापुस्तकातल्या रजेच्या खात्यात असतो. परिवर्तित रजा म्हणजे कम्युटेड, तिचं स्वतःचं खातंच नसतं, ती अर्धवेतनीतूनच कापली जाते आणि तीही दुप्पट, त्यावर खाली सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आता शिल्लक. "ताई माझ्या किती सुट्ट्या आहेत" असं विचारणारे बरेच असतात, आणि मी तोंडी आकडा सांगायला कधीच तयार नसते, कारण खातं अद्ययावत असेलच असं नाही. एका टेबलावर शंभर-दीडशे सेवापुस्तकं असतात, जानेवारी-जुलैच्या जमा नोंदी कधी दोन-दोन महिने उशिरा पडतात, मंजूर झालेली रजा कधी आदेशाच्या फाईलमध्येच राहून जाते. बदली होऊन आलेल्यांचं तर विचारूच नका. म्हणून स्वतःचं खातं स्वतः मोजायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे, आणि मग सेवापुस्तकाशी ताडून बघा. सेवापुस्तक बघायला मागणं हा काही आगाऊपणा नाही, दरवर्षी ते कर्मचाऱ्याला दाखवून सही घ्यायची असतेच, आणि दुय्यम सेवापुस्तक तर तुमच्याकडेच असायला हवं. नसेल तर तेवढ्यासाठी एक अर्ज आधी टाका.

आमच्याकडच्या एका लिपिक पोराचंच उदाहरण घेते, त्याचं खातं अजून नवं आहे त्यामुळे समजायला सोपं जाईल. तो रुजू झाला १८ सप्टेंबर २०२३ ला. आता पहिल्या सहामाहीत त्याला पूर्ण १५ मिळत नाहीत, नवीन माणसाला त्या सहामाहीतल्या प्रत्येक पूर्ण कॅलेंडर महिन्याला अडीच दिवस. पूर्ण महिना म्हणजे १ तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत, त्यामुळे सप्टेंबर धरायचा नाही, बारा-तेरा दिवस काम केलं असलं तरी नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तीन महिने, तीन गुणिले अडीच साडेसात, आणि अपूर्णांक जवळच्या पूर्ण दिवसात करायचा म्हणून ८. अर्धवेतनी रजा महिन्याला एक पूर्णांक दोन तृतीयांश दिवस, म्हणजे तीन महिन्यांचे ५. इथून पुढे सरळ आहे. १ जानेवारी २०२४ ला अर्जित २३, अर्धवेतनी १५. १ जुलै २०२४ ला ३८ आणि २५. डिसेंबरात ९ ते १३ तारखेला त्याने ५ दिवस अर्जित रजा घेतली, ३३ राहिली. १ जानेवारी २०२५ ला १५ आली, ४८. अर्धवेतनी ३५.

एप्रिलमध्ये तो आला, बहिणीचं लग्न, गावाकडे, मे महिन्यात. सेवापुस्तक उघडलं तर खात्यात शेवटची नोंद १ जुलै २०२४ ची, शिल्लक ३८. डिसेंबरातली रजा वजा झालेली नाही आणि जानेवारीची जमा पडलेली नाही. म्हणजे खातं त्याला १० दिवस कमी दाखवत होतं. आधीच्या टेबलवाल्याकडून राहून गेलेलं. पण त्याने स्वतःच्या डायरीत मांडून आणलं होतं, रुजू तारीख, चार जमा, एक वजा, आणि डिसेंबरच्या मंजुरी आदेशाचा क्रमांक आणि तारीख. त्यामुळे फाईल काढून दोन्ही नोंदी तिथल्या तिथे घालता आल्या. आदेशाचा क्रमांक नसता तर मला आवक-जावक रजिस्टर चाळत बसावं लागलं असतं आणि त्याचा अर्ज तेवढे दिवस तसाच पडला असता.

उलटंही होतं बरं का. खातं जास्त दाखवतं आणि माणूस खूश होऊन अर्ज टाकतो, मग दोन वर्षांनी वेतनपडताळणीच्या वेळी कळतं की एक रजा वजाच झाली नव्हती आणि घेतलेल्यातले काही दिवस खात्यात नव्हतेच. मग ते दिवस अर्धवेतनी किंवा बिनपगारी धरून वसुली निघते. म्हणून खातं तुमच्या आकड्यापेक्षा जास्त दिसलं तर गप्प बसू नका, आत्ताच सांगून टाका, नंतरची वसुली एकदम निघते आणि जड जाते.

आता त्याचा अर्ज. त्याने लिहून आणलं होतं, "दिनांक ३ मे ते १८ मे २०२५ अशी १६ दिवसांची रजा मंजूर करावी". प्रकार लिहिलेला नाही, ठीक आहे, ते सांगून लिहून घेतलं, अर्जित. पण १६ दिवस? ३ आणि ४ मे शनिवार-रविवार. १७ आणि १८ पण शनिवार-रविवार. फेब्रुवारी २०२० च्या शेवटापासून आपल्याला पाच दिवसांचा आठवडा आहे त्यामुळे शनिवार पण सुट्टीच. रजेच्या आधीची आणि नंतरची सुट्टी जोडून मागता येते, ती रजेत मोजत नाहीत. म्हणजे रजा ५ मे ते १६ मे, १२ दिवस. चार दिवस अर्जित रजा फुकट जात होती, आणि ही रजा निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंत रोखीत मिळते, त्यामुळे एकेक दिवसाला किंमत आहे.

मग त्याचा पुढचा प्रश्न, जो सगळेच विचारतात. मधले १० आणि ११ मे शनिवार-रविवार आणि १२ मे सोमवारी बुद्ध पौर्णिमा, मग ते पण वगळा ना, रजा ९ दिवसच होईल. नाही होत. अर्जित रजा सुरू झाली की मध्ये येणारी प्रत्येक सुट्टी रजेतच धरली जाते, फक्त दोन टोकांच्या सुट्ट्या बाहेर राहतात. मग तो म्हणाला मग असं करूया ताई, ५ ते ९ अर्जित, आणि १३ ते १६ सीएल टाकतो, मधले तीन दिवस वाचतील. हेही नाही. किरकोळ रजा दुसऱ्या कोणत्याही रजेला जोडता येत नाही. अर्जितला अर्धवेतनी जोडता येते, परिवर्तित जोडता येते, असाधारण म्हणजे बिनपगारी रजा जोडता येते, पण किरकोळ नाही, कारण नियमांच्या दृष्टीने ती रजाच नाही, किरकोळ रजेवरचा माणूस कामावर असल्यासारखाच धरतात. तीन सुट्ट्या मध्ये टाकून त्याच्या दोन्ही बाजूला वेगवेगळ्या रजा लावणं म्हणजे जोडणंच झालं. त्याला ९ ला नाही तर १३ ला प्रत्यक्ष हजर राहावं लागलं असतं, तरच साखळी तुटली असती.

सगळीच किरकोळ टाकली तर? कामाचे दिवस ९, वर्षभराच्या सीएल ८, त्यातल्या दोन तो आधीच वापरून बसलेला आणि एक लेटमार्कात गेलेली. आमच्याकडे तीन लेटमार्कला एक सीएल कापतात, त्यामुळे नोंदवहीत बघितल्याशिवाय ६ राहिल्या असं समजू नका, त्याच्या ५ होत्या. शिवाय सुट्ट्या धरून सलग किती दिवस गैरहजर राहता येतं यालाही मर्यादा असते, सीएल ही दोनचार दिवसांसाठीच आहे. त्यामुळे विषय संपला.

शेवटी अर्ज असा झाला, मुद्दाम पूर्ण देते कारण नवीन लोक विचारतात की नक्की शब्द काय लिहायचे:

"मी दिनांक ५ मे २०२५ ते १६ मे २०२५ अशी १२ दिवसांची अर्जित रजा बहिणीच्या विवाहाकरिता उपभोगू इच्छितो. रजेपूर्वीच्या दिनांक ३ व ४ मे आणि रजेनंतरच्या दिनांक १७ व १८ मे या सार्वजनिक सुट्ट्या जोडून घेण्यास तसेच दिनांक २ मे रोजी कार्यालय सुटल्यानंतर मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी. माझ्या खात्यावर दिनांक १ जानेवारी २०२५ रोजी ४८ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. मी दिनांक १९ मे २०२५ रोजी कार्यालयीन वेळेत हजर होईन."

हे छापील नमुन्यात भरायचं असतं, त्यात मागची रजा कधी आणि कोणती घेतली, रजेच्या काळातला पत्ता, असे रकाने असतात, तेही भरा, पत्त्याचा रकाना रिकामा ठेवायची लोकांना भारी हौस. मुख्यालय सोडण्याची ओळ पण विसरू नका, रजा मंजूर झाली म्हणजे गाव सोडायची परवानगी आपोआप मिळाली असं बऱ्याच साहेबांना मान्य नसतं. शिल्लक दिवसांची ओळ नमुन्यात नसते पण मी लिहायला लावते, कारण टिपणी लिहिणाऱ्याला लगेच तपासता येतं आणि आकडा जुळला की फाईल पुढे सरकते. न जुळला तर निदान कुठे जुळत नाही ते तरी कळतं.

आता आजारपण. ऑगस्टमध्ये हाच पोरगा डेंग्यूने पडला. ४ ऑगस्टला ॲडमिट, १३ ला हजर, म्हणजे ४ ते १२ असे ९ दिवस, मधले शनिवार-रविवार धरून. घरून मोबाईलवर अर्जाचा फोटो आला, "माझी ९ दिवसांची मेडिकल रजा मंजूर करावी". हे "मेडिकल" जवळपास प्रत्येक जण लिहितो आणि जुने लोक पण बोलताना तेच म्हणतात, पण या नियमांत तुमच्या खात्यावर मेडिकल नावाची कुठलीच रजा जमा होत नाही. डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडून तुम्ही अर्जित घेऊ शकता, अर्धवेतनी घेऊ शकता किंवा परिवर्तित घेऊ शकता, आणि तिन्हीचा परिणाम वेगळा. कोणती ते तुम्हीच लिहायचं. मंजूर करणारा अधिकारी कामाची गरज म्हणून रजा नाकारू शकतो, पण तुम्ही मागितलेला आणि तुमच्या खात्यावर असलेला प्रकार तुमच्या लेखी विनंतीशिवाय बदलू शकत नाही. त्यामुळे "बघून घ्या ताई जे बसेल ते" असं म्हणून चालत नाही, मला तो अधिकार नाही आणि साहेबांनाही नाही.

त्याच्या खात्यावर तेव्हा काय होतं ते बघा. अर्जित ४८ मधून मे मधले १२ गेले, ३६, त्यात १ जुलैचे १५ आले, ५१. अर्धवेतनी ३५ अधिक १०, ४५. तीन पर्याय:

अर्जित ९ दिवस टाकली तर पूर्ण पगार, शिल्लक ४२.

अर्धवेतनी ९ टाकली तर ४५ मधून ९ जाऊन ३६ राहतील, पण पगार अर्धा. त्याचं मूळ वेतन २१,१०० रुपये. ३१ दिवसांच्या महिन्यात ९ दिवसांचं होतं साधारण ६,१२५, त्याचा अर्धा म्हणजे जवळपास ३,०६० रुपये कमी, आणि महागाई भत्ताही त्या अर्ध्यावरच निघतो म्हणून तोही कमी.

परिवर्तित ९ टाकली तर पगार पूर्ण, अर्धवेतनीतून १८ वजा, शिल्लक २७, आणि अर्जितला हात लागत नाही.

माझं मत विचाराल तर प्रमाणपत्र हातात असेल आणि अर्धवेतनी पुरेशी असेल तर परिवर्तित. अर्जित लग्नकार्याला, घराच्या कामाला, कुठल्याही कारणाला वापरता येते आणि शेवटी तिचे पैसे मिळतात, ती आजारपणात का घालवायची. काही जुने सहकारी उलट सांगतात, अर्धवेतनी साठवून ठेवा, मोठं आजारपण आलं तर तीच कामाला येते. त्यातही तथ्य आहे, विशेषतः वय झालं की. पण पंचविशीतल्या पोराला मी परिवर्तितच सांगते. आणि दोन दिवसांचा साधा ताप असेल तर कशाला एवढं, सीएल टाका आणि मोकळे व्हा, त्याला ना प्रमाणपत्र लागतं ना काही.

परिवर्तित मागताना मर्यादा लक्षात ठेवा, अर्धवेतनी जेवढी शिल्लक त्याच्या निम्मीच मिळते. ४५ असतील तर जास्तीत जास्त २२ दिवस. लोक इथेच फसतात, खात्यावर १५ दिसतात म्हणून १५ दिवसांची परिवर्तित मागतात, मिळतात ७. आणि खात्यात नोंद करणाऱ्याकडूनही इथेच चूक होते, ९ दिवस परिवर्तित दिली आणि वजा पण ९ च केले, दुप्पट करायचं राहिलं. तुमच्या फायद्याची चूक आहे म्हणून आनंद मानू नका, वर लिहिलं तेच, ती कधीतरी सापडतेच.

कागद दोन लागतात. एक, आजारी असल्याचं आणि किती दिवस विश्रांती हवी ते लिहिलेलं नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, त्यावर नोंदणी क्रमांक हवा. दोन, हजर होताना कामावर रुजू व्हायला तंदुरुस्त असल्याचं प्रमाणपत्र. दुसरं नसेल तर वैद्यकीय कारणावरच्या रजेवरून हजर करून घेता येत नाही, आणि मग १३ तारखेला ऑफिसच्या दारात आलेला माणूस परत दवाखान्यात पळतो. तारखा दोन्हीवर जुळतायत का ते डॉक्टरांसमोरच बघा. त्याच्या प्रमाणपत्रावर विश्रांती ११ ऑगस्टपर्यंत लिहिली होती आणि फिटनेस १३ चा, मधला १२ तारखेचा दिवस हवेत. एका दिवसासाठी परत जाऊन दुरुस्त करून आणावं लागलं. अर्जातला आकडा, पहिल्या कागदातला कालावधी आणि फिटनेसची तारीख, हे तिन्ही एका रेषेत यायला हवं.

पहिल्याच वर्षी खात्यावर काही नसताना रजा लागली तर काय, हे पण विचारतात. समजा हाच पोरगा डिसेंबर २०२३ मध्ये १२ दिवस मागायला आला असता तर अर्जित होती ८ आणि अर्धवेतनी ५. तर एकाच अर्जात ८ दिवस अर्जित आणि त्याला जोडून ४ दिवस अर्धवेतनी असं मागता आलं असतं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणती ते वेगवेगळं लिहून. १२ दिवस अर्जित असं लिहिलं असतं तर परत आलं असतं. काही जण कंटाळून उरलेल्या दिवसांना असाधारण रजा मागून टाकतात, बिनपगारी, दुसरी रजा शिल्लक असताना पण लेखी मागितली तर ती मिळते. पण ते करू नका. पगार तर जातोच, वैद्यकीय प्रमाणपत्राशिवायची असाधारण रजा वेतनवाढीच्या सेवेत धरत नाहीत, आणि पुढच्या सहामाहीत जमा होणाऱ्या अर्जित रजेतून तिचा एक दशांश कापला जातो, २० दिवस घेतलीत तर १५ ऐवजी १३ च जमा. अर्धवेतनी शिल्लक असताना एवढं सगळं गमवायचं कारण नाही.

एकदा घेतलेल्या रजेचा प्रकार नंतर बदलता येतो का? येतो, अर्ज करून, आणि ती दुसरी रजा तेव्हा खात्यावर देय असली तरच. पण तो हक्क नाही, मंजूर करणाऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि पगार आधीच निघाला असेल तर फरकाची वसुली किंवा फरकाचं बिल, म्हणजे टेबलाचं काम दुप्पट, त्यामुळे कोणी खुशीने करत नाही.

अजून एक, रजा वाढवायची असेल तर मुदत संपायच्या आधी अर्ज पोचला पाहिजे. "ताई दोन दिवस ॲडजस्ट करा" असा फोन म्हणजे अर्ज नाही. मंजुरी नसताना जास्त राहिलेले दिवस अर्धवेतनी खात्यातून वजा होतात आणि वर त्या दिवसांचा पगार पण मिळत नाही, म्हणजे रजा पण गेली आणि पैसे पण. शिस्तभंगाचं लफडं वेगळंच. लग्नात पाहुणे थांबले म्हणून एक दिवस जास्त लागणार असं वाटत असेल तर आधीच तो दिवस मागा, लवकर आलात तर उरलेली रजा रद्द करून घ्यायचा अर्ज करता येतो.

मंजुरी आदेश आला की त्याची झेरॉक्स ठेवा आणि त्यातला प्रकार, तारखा, दिवस आणि जोडलेल्या सुट्ट्या तुमच्या अर्जाशी लावून बघा, टाईप करताना १२ चे २१ झालेले मी बघितलेत. आणि पुढच्या महिन्याची पगाराची स्लिप सेवार्थवरून काढून बघा, अर्धवेतनी नसताना पगार कमी आला असेल तर लगेच टेबलावर या, तीन महिन्यांनी नाही. सेवापुस्तकात वजा झाल्याची नोंद पडली का ते पुढच्या १ जानेवारी किंवा १ जुलैनंतर एकदा जाऊन बघायचं, तेव्हा नवीन जमा पण पडलेली असते, दोन्ही एकदम तपासून होतं. बदली झाली तर कार्यमुक्त व्हायच्या आधी खातं त्या तारखेपर्यंत पूर्ण करून घ्या आणि त्या वर्षी किती सीएल वापरल्या तेही लिहून घ्या, नाहीतर नवीन ऑफिसवाले जुन्या ऑफिसला पत्र लिहितात आणि जुनं ऑफिस उत्तर देत नाही.